आईला पुरळ कशानं आलं? दोन औषधं, एक डिस्चार्ज कार्ड आणि नोंद कुठे करायची

प्रश्न

आईचं वय ६३. मधुमेह आणि बीपीच्या गोळ्या बरीच वर्षं चालू आहेत. यंदा जूनमध्ये तपासणी शिबिरात युरिक अ‍ॅसिड जास्त निघालं म्हणून आमच्या फॅमिली डॉक्टरांनी एक गोळी सुरू केली. पुढे आईला ताप आला, अंगभर लाल पुरळ उठलं, चेहरा सुजला. तापावर दिलेल्या अँटिबायोटिकची अ‍ॅलर्जी असणार, असं सगळेच म्हणाले. शेवटी हॉस्पिटलमध्ये ठेवावं लागलं. डिस्चार्ज कार्डवर ‘ड्रग रॅश, सेफिक्सिम?’ असं लिहिलंय. आई आता सावरतेय, पण मला राहून राहून त्या युरिक अ‍ॅसिडच्या गोळीचा संशय येतो. ती गोळी घरातच आहे, आणि परवा युरिक अ‍ॅसिड पुन्हा वाढलेलं आल्यावर ती परत चालू करायचा विषय निघाला. औषधाच्या दुष्परिणामाची सरकारकडे नोंद करता येते असं वाचलं. भाऊ म्हणतो, डॉक्टरांवर तक्रारच कर. आई म्हणते, त्यांनी इतकी वर्षं आपलं दुखणंखुपणं पाहिलं, त्यांना त्रास नको. मी काही डॉक्टर नाही. पुरावा नसताना कोणत्या औषधाचं नाव लिहू? सोबत सगळ्या कागदांचे फोटो पाठवतेय.

— एक वाचक, सांगली जिल्हा

उत्तर

ताई, पहिली गोष्ट तुम्हाला मेलवर लगेच कळवली होती, ती इतरांसाठी इथे पुन्हा लिहितो. ती गोळी आईला देऊ नका. ‘एक देऊन बघू, काही झालं तर बंद करू’ हा प्रयोग घरी करायचा नसतो, कारण अशा रिअ‍ॅक्शनची दुसरी खेप पहिलीपेक्षा लवकर आणि जास्त जोरात येऊ शकते. गोळ्यांच्या पट्टीचा दोन्ही बाजूंनी फोटो काढा, बॅच नंबर आणि एक्स्पायरी वाचता येतील असा. मग ती पट्टी आईच्या डब्यातून काढून वेगळ्या पाकिटात ठेवा. फेकू मात्र नका.

आता तुमचे कागद. केमिस्टची बिलं, लॅबचे रिपोर्ट, डॉक्टरांची चिठ्ठी आणि तुम्ही बहिणीला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेले आईच्या पाठीचे फोटो, हे सगळं तारखेनं लावलं तर असं दिसतं:

३ जून २०२५: शिबिरात युरिक अ‍ॅसिड ७.८, मूत्रपिंडाचं काम दाखवणारं क्रिएटिनिन १.६. सांधे दुखत नव्हते.
४ जून: अ‍ॅलोप्युरिनॉल ३०० मिलिग्रॅम, रात्री एक, सुरू.
२४ जून: ताप, अंगाला खाज.
२५ जून: पॅरासिटामॉल सुरू.
२६ जून: छातीवर आणि पाठीवर लाल पुरळ.
२७ जून: सेफिक्सिम २०० मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, सुरू.
२९ जून: पुरळ अंगभर, चेहऱ्यावर सूज. सेफिक्सिम बंद.
२ जुलै: हॉस्पिटलमध्ये दाखल. रक्तातल्या इओसिनोफिल पेशी १८ टक्के, यकृताच्या तपासणीतलं एसजीपीटी ४१२. अ‍ॅलोप्युरिनॉल बंद, स्टेरॉइड सुरू.
१३ जुलै: घरी.

यातल्या २६ आणि २७ तारखा पुन्हा वाचा. पुरळ आधी आलं, सेफिक्सिम नंतर. ताप तर त्याच्याही आधी. जे औषध पोटात गेलंच नव्हतं त्यानं ताप आणि पुरळ सुरू कसं होईल? त्यानं पुढे भर घातली का, हा प्रश्न उरतो, पण सुरुवात त्याची नाही. तरी सगळ्यांचं बोट सेफिक्सिमकडे गेलं, कारण पुरळ अंगभर पसरताना हातात तेच नवं औषध होतं. माणूस शेवटच्या औषधावर संशय घेतो. आणि त्यात वाईट हे झालं की सेफिक्सिम थांबवल्यावर ‘कारण गेलं’ म्हणून सगळे निर्धास्त झाले, आणि अ‍ॅलोप्युरिनॉल भरती होईपर्यंत रोज रात्री चालू राहिलं.

अ‍ॅलोप्युरिनॉलचं हे वागणं औषधशास्त्रात जुनं आणि ठाऊक असलेलं आहे. ताप, पुरळ, चेहऱ्याची सूज, इओसिनोफिल वाढणं आणि यकृताला सूज येणं हे एकत्र दिसलं की त्याला ‘ड्रेस’ म्हणतात. साधी अ‍ॅलर्जी तासा-दोन तासांत किंवा काही दिवसांत उठते. ड्रेस मात्र औषध सुरू केल्यावर साधारण दोन ते आठ आठवड्यांनी येतो. म्हणूनच तो ओळखायला फसवा असतो. तोवर ती गोळी घरात मुरलेली असते, तिला कोणी ‘नवं औषध’ म्हणत नाही. तुमच्या आईला ताप आला तो गोळी सुरू झाल्यावर विसाव्या दिवशी. मधुमेहाची मेटफॉर्मिन आणि बीपीची टेल्मिसार्टन ती वर्षानुवर्षं घेते आहे, त्यामुळे त्यांच्यावर संशय कमी. मी आईला तपासलेलं नाही, तेव्हा निदान माझं नाही. पण वरचा तारखांचा कागद घेऊन त्वचारोगतज्ज्ञ किंवा फिजिशियनकडे जा. डिस्चार्ज कार्डवरचं ते प्रश्नचिन्ह नुसतं तसंच राहू देणं धोक्याचं आहे. उद्या दुसऱ्या गावातला एखादा डॉक्टर ते कार्ड वाचेल, सेफिक्सिम टाळेल, आणि अ‍ॅलोप्युरिनॉल निर्धास्तपणे लिहून देईल. तुमच्या घरात हे परवाच घडता घडता राहिलं.

म्हणजे नोंद करायचीच. पण तुमचा प्रश्न आहे, पुरावा कुठे?

पुरावा तुमच्याकडे कोणी मागितलेलाच नाही. आपल्याकडे ही नोंद फार्माकोव्हिजिलन्स प्रोग्रॅम ऑफ इंडिया घेतो. तो २०१०मध्ये दिल्लीच्या एम्समध्ये सुरू झाला आणि २०११पासून त्याचं राष्ट्रीय केंद्र गाझियाबादच्या इंडियन फार्माकोपिया कमिशनमध्ये आहे. त्यांच्या फॉर्मवर औषधाच्या रकान्याला ‘संशयित औषध’ म्हणतात, ते विचारपूर्वक. संशय पुरेसा आहे. कार्यकारण ठरवायचं काम पुढच्यांचं. ते जागतिक आरोग्य संघटनेच्या पद्धतीनं प्रत्येक नोंदीला ‘निश्चित’, ‘संभाव्य’, ‘शक्य’, ‘असंभव’ अशा पायऱ्यांवर बसवतात. ‘निश्चित’साठी औषध पुन्हा देऊन तेच घडल्याचा दाखला बहुधा लागतो, आणि तो इथे मिळवायचा नाही, तेव्हा ती पायरी आईच्या नोंदीला मिळणार नाही. त्यानं काहीही बिघडत नाही. नोंद टिकायला चारच गोष्टी लागतात: ओळखता येईल असा पेशंट (नावाची आद्याक्षरं आणि वय चालतं), नोंद करणारा माणूस, संशयित औषध, आणि झालेला त्रास. बाकी जितकं नेमकं, तितकं कामाचं.

भावाला आणि आईला एकच उत्तर आहे. ही तक्रार नाही. नोंद केली म्हणजे डॉक्टरांची, दुकानदाराची किंवा कंपनीची चूक मान्य झाली असं होत नाही, हे फॉर्मवरच छापलेलं असतं. पेशंटची ओळख गुप्त राहते. ग्राहकांच्या फॉर्ममध्ये ‘औषध कोणी सुचवलं’ असा प्रश्न आहे, तिथे ‘डॉक्टर’ असं लिहिलं की झालं. उलट बाजूनं, या नोंदीतून नुकसानभरपाई मिळत नाही की कोणाची चौकशीही सुरू होत नाही. डॉक्टरांच्या वागणुकीबद्दल तक्रार असेल तर तिची जागा महाराष्ट्र मेडिकल कौन्सिल. औषधच बनावट किंवा खराब वाटत असेल तर अन्न व औषध प्रशासन. भावाला त्या वाटेनं जायचं असेल तर तो त्याचा निर्णय, पण त्याचा राग या फॉर्मात ओतू नका. ‘चुकीच्या गोळीनं आईची वाट लागली’ या वाक्यातून केंद्रातल्या माणसाला काहीच हाती लागत नाही.

तरीही एक गोष्ट झाकायची नाही. सांधा दुखत नसताना निव्वळ आकडा वाढलाय म्हणून युरिक अ‍ॅसिडची गोळी बहुतेकांना लागत नाही. आणि द्यायचीच झाली तर सुरुवात रोज १०० मिलिग्रॅम किंवा त्याहून कमी डोसनं करतात, मूत्रपिंड थोडं मंद असेल तर आणखी जपून. आईचं क्रिएटिनिन १.६ होतं आणि सुरुवातच ३००नं झाली. सुरुवातीचा जास्त डोस आणि कमजोर मूत्रपिंड, दोन्हींनी या रिअ‍ॅक्शनचा धोका वाढतो. हे फॉर्मात यायलाच हवं, पण आरोप म्हणून नाही, आकडे म्हणून: डोस ३०० मिलिग्रॅम, क्रिएटिनिन १.६, घेण्याचं कारण ‘युरिक अ‍ॅसिड ७.८, सांधेदुखी नाही’. वाचणाऱ्याला काय समजायचं ते समजतं. शंभर घरांतून असेच आकडे आले तर डॉक्टरांना द्यायच्या सूचनेत काय लिहायचं तेही त्यातूनच ठरतं.

फॉर्म दोन आहेत. एक डॉक्टर, नर्स, फार्मासिस्ट यांचा, दुसरा आपल्यासारख्यांचा. आपला फॉर्म मराठीतही आहे, ipc.gov.in वर मिळतो. भरलेला फॉर्म pvpi.ipc@gov.in या पत्त्यावर पाठवता येतो. फॉर्म अवघड वाटला तर १८००-१८०-३०२४ हा टोल फ्री नंबर कामाच्या दिवशी लावा, समोरचा माणूस विचारून भरून घेतो. तिसरी वाट मला सगळ्यात आवडते. अनेक वैद्यकीय महाविद्यालयांत या कार्यक्रमाचं निरीक्षण केंद्र असतं, बहुतेक ठिकाणी औषधशास्त्र विभागात. तुम्हाला मिरज जवळ आहे, तिथल्या शासकीय महाविद्यालयात चौकशी करा. केंद्रातली व्यक्ती कागद समोर ठेवून तुमच्याशी बोलते आणि जे तुम्हाला सुचलं नसतं ते विचारते. आम्ही विभागात असताना एक प्रश्न सगळ्यांना विचारायचो: ‘यादीत नसलेलं आणखी काय घेत होता?’ मग पिशवीतून काढ्याची बाटली निघायची. तुमच्या आईनंही मे महिन्यात शेजारणीकडून गुडघ्यासाठी चूर्ण आणल्याचं तुम्ही ओझरतं लिहिलंय. तेही लिहा, नाव आणि घेतल्याच्या तारखांसह. नाव नसेल तर ‘नाव नसलेलं चूर्ण, रोज एक चमचा, मे महिनाभर’ असं लिहा.

इथे लोक हमखास अडखळतात. सोबतच्या औषधांच्या रकान्यात त्रास सुरू होण्याआधीपासून चालू असलेली औषधं लिहायची असतात. त्रासावर उपचार म्हणून दिलेली औषधं तिथे येत नाहीत, नाहीतर पॅरासिटामॉल आणि स्टेरॉइडही संशयितांच्या रांगेत उभे राहतात. सेफिक्सिमचा मात्र डिस्चार्ज कार्डवर उल्लेख आहे. त्यामुळे तो लपवू नका. दुसरं संशयित औषध म्हणून लिहा आणि सुरू-बंद केल्याच्या तारखा ठळक द्या. तारखा स्वतःच बोलतील. बॅच नंबरही लिहा, पण तो सापडला नाही म्हणून अडून बसू नका. लस, इंजेक्शन किंवा औषधाच्या दर्जाची शंका असते तिथे बॅच फार महत्त्वाची. अ‍ॅलोप्युरिनॉलचा ड्रेस कुठल्याही चांगल्या बॅचनंही येतो.

वर्णनाच्या जागेत मी तुमच्या जागी असतो तर एवढं लिहिलं असतं:

“स. ब., स्त्री, ६३ वर्षे. अ‍ॅलोप्युरिनॉल ३०० मिग्रॅ रोज रात्री, ४ जून ते १ जुलै २०२५ (युरिक अ‍ॅसिड ७.८, सांधेदुखी नाही, क्रिएटिनिन १.६). २४ जूनला १०२ ताप व खाज. २६ जूनला छाती-पाठीवर लाल पुरळ. २७ ते २९ जून सेफिक्सिम २०० मिग्रॅ दिवसातून दोनदा. हे पुरळ आल्यानंतर सुरू केले. २९ जूनला पुरळ अंगभर, चेहरा सुजला. २ जुलैला भरती: इओसिनोफिल १८ टक्के, एसजीपीटी ४१२. तोंडात, डोळ्यांत जखमा नव्हत्या. सर्व गोळ्या थांबवून स्टेरॉइड दिले. १३ जुलैला घरी. मेटफॉर्मिन, टेल्मिसार्टन पुन्हा सुरू केल्यावर त्रास नाही. अ‍ॅलोप्युरिनॉल पुन्हा दिलेले नाही. २० ऑगस्टला एसजीपीटी ५८, पुरळ गेले, त्वचेचे पापुद्रे निघत आहेत, स्टेरॉइड कमी करत आहेत. हॉस्पिटलनेही नोंद केली असण्याची शक्यता आहे.”

मेटफॉर्मिन आणि टेल्मिसार्टन पुन्हा सुरू करूनही काही झालं नाही, हे वाक्य लहान दिसतं, पण त्यानं दोन औषधं संशयातून जवळपास बाहेर पडतात. ‘तोंडात, डोळ्यांत जखमा नव्हत्या’ हेही तसंच. त्यामुळे कातडी सोलवटणाऱ्या स्टीव्हन्स-जॉन्सनपासून हा आजार वेगळा काढता येतो. काय झालं नाही, हे लिहायचं बहुतेक जण विसरतात. आणि अ‍ॅलोप्युरिनॉल बंद केल्यावरही चार-सहा दिवस पुरळ वाढत होतं, म्हणून तुम्ही चक्रावला होतात ना? ड्रेसमध्ये ते होतं. औषध बंद केलं की लगेच उतार पडलाच पाहिजे असं नाही, आठवडे जातात. फॉर्मवर तो तपशील जसा आहे तसा द्या, गुळगुळीत करू नका.

‘परिणाम काय झाला’ या प्रश्नाला ‘बरी झाली’ असं लिहायचा मोह होईल, कारण आई चहा करायला लागली आहे. पण स्टेरॉइड चालू आहे, एसजीपीटी अजून थोडं वर आहे. खरं उत्तर ‘बरी होत आहे’. तीव्रतेच्या रकान्यात ‘हॉस्पिटलमध्ये भरती’ ही खूण करा. तिच्यामुळेच नोंद ‘गंभीर’ ठरते आणि तिच्याकडे तशा नजरेनं पाहिलं जातं.

ज्यांच्याकडे तुमच्याइतके कागद नाहीत त्यांनी आठवणीला सणवारांचा आधार द्यावा. तुमच्या आईनं फोनवर हेच केलं: ‘वटपौर्णिमेच्या आधी गोळी लागली आणि आषाढी एकादशीला मी दवाखान्यात होते.’ यंदा वटपौर्णिमा १० जूनला होती आणि आषाढी ६ जुलैला, म्हणजे तिची आठवण बिलांशी जुळते. नेमकी तारीख नाहीच मिळाली तर ‘जूनचा पहिला आठवडा’ लिहावं. अंदाजे तारीख खरी म्हणून लिहिली तर एखाद-दोन दिवसांच्या फरकानं औषध आधी की पुरळ आधी, हाच क्रम उलटतो. तुमच्याच बाबतीत सगळा निकाल २६ आणि २७ तारखांवर लागतो आहे.

नोंद दोनदा झाली तर काय, अशी भीती काहींना असते. आद्याक्षरं, वय, तारखा जुळवून दुहेरी नोंदी एकत्र करता येतात. हॉस्पिटलची नोंद ‘सेफिक्सिम’ या एकाच नावानं गेली असेल तर तुमची नोंद ती दुरुस्तच करेल.

पुढे काय होतं? तुम्हाला नोंदीचा क्रमांक मिळतो, तो जपून ठेवा. ‘तुमची आई अमुक गोळीनंच आजारी पडली’ असं निकालपत्र येत नाही. नोंद राष्ट्रीय साठ्यात जाते, तिथून स्वीडनमधल्या उप्साला केंद्राच्या जागतिक साठ्यातही. एकाच औषधाच्या, एकाच तऱ्हेच्या नोंदी साचल्या की तज्ज्ञ त्यांच्याकडे बघतात. २०२३च्या नोव्हेंबरअखेरीस गाझियाबादच्या राष्ट्रीय केंद्रानं मेफेनॅमिक अ‍ॅसिडबद्दल सावधगिरीची सूचना काढली. पाळीच्या दुखण्यावर घरोघरी घेतली जाणारी ही गोळी, आणि सूचनेत नाव होतं ड्रेसचंच. या नोंदींवरून मात्र ‘दर हजारात किती जणांना होतं’ असा हिशेब करता येत नाही, कारण किती जणांनी गोळी घेतली आणि किती जणांनी त्रास होऊनही कळवलं नाही, हे साठ्याला ठाऊक नसतं.

फॉर्म पाठवण्याआधी एकदा फॅमिली डॉक्टरांकडे जा, तारखांचा कागद घेऊन. ‘डॉक्टर, पुरळ सेफिक्सिमच्या आदल्या दिवशी आलं होतं, हे बघता का?’ एवढंच विचारा. आईच्या भिडेलाही ते झेपेल. ते स्वतः व्यावसायिकांच्या फॉर्मवर नोंद करायला तयार झाले तर उत्तमच, त्यांच्याकडे जुने रिपोर्ट असतात. नाही झाले तरी तुमचा फॉर्म अडत नाही. हॉस्पिटलकडून डिस्चार्ज कार्डवर दुरुस्तीची ओळ मागा. मिळेपर्यंत आईच्या पर्समध्ये एक चिठ्ठी राहू द्या: ‘अ‍ॅलोप्युरिनॉल देऊ नये, ड्रेसचा संशय, जून २०२५’. या रिअ‍ॅक्शनचा एका आनुवंशिक घटकाशी संबंध सापडलेला आहे, म्हणून मामा, मावशी आणि तुम्हा भावंडांपैकी कोणाला ही गोळी लिहून दिली गेली तर आईचं सांगून मगच घ्या. स्टेरॉइड स्वतःहून एकदम थांबवू नका, ते सांगितलेल्या क्रमानंच कमी करायचं.

ड्रेस होऊन गेल्यावर काही महिन्यांनी थायरॉइड बिघडलेलं आढळू शकतं. दोन-तीन महिन्यांनी डॉक्टरांना विचारून टीएसएच करून घ्या. काही निघालं, किंवा आई पूर्ण बरी झाली, तरी त्याच क्रमांकाचा हवाला देऊन केंद्राला पुन्हा दोन ओळी पाठवा, आणि ‘बरी होत आहे’च्या जागी जे खरं असेल ते लिहा.